पाइप एका रेषेत आणायचं हे खूळ बंद करा आता

काऊन बे, रीडमीतल्या मार्कडाउन टेबलाचे पाइप एकाखाली एक आले नाही म्हणून पीआर परत? ऑप्शन बरोबर, डिफॉल्ट बरोबर, कोड चालते, आणि खाली कॉमेंट काय तर "रीडमीमधले कॉलम अलाइन करा, मग बघू". डोकं सणकलं माझं. हे पहिल्यांदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण आमच्या रेपोत हे दरवेळी होऊन रायलं आणि दरवेळी नव्या पोट्ट्यासोबतच होऊन रायलं.

सांगतो काय आहे ते. बाजार समितीच्या भावाच्या फाइली वाचून कापूस, तूर, सोयाबीनचा भाव टर्मिनलवर दाखवणारं आमचं एक छोटं टूल आहे, `bhav` नावाचं. यवतमाळकडच्या गावागावातले पोट्टे त्यात भर टाकतात. रीडमीत एक टेबल आहे, ऑप्शन, त्याचा डिफॉल्ट आणि एका ओळीत काम. बस एवढंच. अन् या एवढ्याशा टेबलावरून जेवढी भांडणं झाली ना तेवढी कोडवरून नाही झाली.

सुरुवातीला टेबल असं होतं, म्हणजे ज्याले आमचा मोठा रिव्ह्यूवाला "नीट" म्हणतो तसं:

```
| Option  | Default | काम |
| ------- | ------- | --- |
| `--pik` | `kapus` | कोणतं पीक |
| `--out` | `-`     | निकाल कुठं लिहायचा |
```

दिसते चांगलं, मी नाही कुठं म्हणतो. पण त्या `-` च्या मागं जे रिकामे स्पेस ठोकले आहेत ना, ते वाचणाऱ्याले कधीच दिसत नाहीत. मार्कडाउनचा पार्सर सेलच्या दोन्ही बाजूचे स्पेस कापून फेकून देते. पानावर कॉलमची रुंदी ब्राउझर ठरवते, तुमचे स्पेस नाही. आणि खरंच कॉलम डावा-उजवा करायचा असेल तर त्यासाठी डॅशवाल्या ओळीत कोलन आहे, `---:` लिहा, उजवीकडं जाते, `:---:` लिहा, मधात येते. खरी अलाइनमेंट ती. बाकी सगळी मेहनत फक्त कच्ची फाइल उघडणाऱ्यासाठी, आणि टेबल असलेली फाइल कच्ची कोण वाचते ते सांगा मले.

आता नुकसान पाहा. गेल्या खेपेला एका पोट्ट्यानं `--cache-dir` टाकलं, डिफॉल्ट `~/.cache/bhav`. साधी गोष्ट, एक ओळ. पण `--cache-dir` बॅकटिकसकट १३ अक्षरं होते आणि आपला पहिला कॉलम होता ७ चा. दुसरा कॉलम पण ७ चा, त्याले आता १५ लागतात. म्हणजे "नीट" ठेवायचं तर वरच्या प्रत्येक ओळीत पहिल्या कॉलममधी ६ स्पेस आणि दुसऱ्यात ८ स्पेस वाढवा, डॅशा पण वाढवा. आमच्या टेबलात तेव्हा १२ ऑप्शन होते, अधिक हेडर, अधिक डॅशवाली ओळ, म्हणजे `git diff` मधी १४ ओळी लाल आणि १५ हिरव्या. आणि खरा बदल किती? एक ओळ! कपाशीत एका जागी डोबायचं रायलं म्हणून कोणी अख्खं वावर मोडून पुन्हा पेरते का?

त्या पोट्ट्यानं मले रात्री फोन केला, घाबरून, "भाऊ, मायावाली तर एकच ओळ होती, हे एवढं लाल-हिरवं काऊन दिसून रायलं, मी काही खराब केलं का?" काय सांगू त्याले. त्याच्याकडं लॅपटॉप नाही, कॉलेजच्या लॅबमधी बसायले भेटलं तर ठीक, नाहीतर फोनवरच ब्राउझरमधी एडिट करते. आणि फोनवर ते स्पेस ठोकलेलं टेबल उघडून पाहा एकदा, एकेक ओळ तीन-तीन ठिकाणी मोडते, पाइप कुठल्या कुठं जातात, मधात स्पेसचे नुसते खड्डे. त्यात स्पेस मोजून अलाइन कर म्हणता तुम्ही त्याले? लाइट गेली, टॉवर गेला, तरी तो बसून स्पेस मोजून रायला होता. कायसाठी? ब्राउझर जे फेकून देणार आहे त्यासाठी.

वरून शहाणपणा ऐका, "अरे `git diff -w` लाव ना, स्पेसचे बदल दिसत नाहीत." लावून पाहिलं का कधी स्वतः? स्पेसचे बदल जातात, हो, पण डॅश म्हणजे काही स्पेस नाही. कॉलम रुंद झाला की `-------` ची लांबी बदलते आणि ती ओळ `-w` लावूनही लाल-हिरवी दिसतेच. ते एक वेळ चालून जाईल, पण मर्ज करताना काय करता? दोन पोट्ट्यांनी दोन वेगळे ऑप्शन टाकले, दोघांनी इमानदारीनं अख्खं टेबल अलाइन केलं, आता दोघांनीही प्रत्येक ओळ बदलली. पहिला मर्ज झाला की दुसऱ्याले पूर्ण टेबलभर कॉन्फ्लिक्ट. स्पेसच्या भानगडीत पडलेच नसते तर ऑप्शन एबीसीडीच्या क्रमानं लावलेले असल्यामुळं दोघांच्या ओळी बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी पडल्या असत्या आणि गिटनं गुपचूप मर्ज केलं असतं. मग `git blame` पाहा तर `--pik` च्या ओळीवर नाव कोणाचं? ज्यानं स्पेस वाढवले त्याचं. ज्यानं तो ऑप्शन लिहिला तो गायब.

आणि आपण तिसऱ्या कॉलममधी मराठी लिहितो भाऊ, मराठी. कामाचं वर्णन मराठीत पाहिजे हा हट्ट माझाच आहे आणि तो मी सोडणार नाही. पण देवनागरीतली सगळी अक्षरं एका मापाची नसतात. "क्विंटल" घ्या. डोळ्याले तीन अक्षरं, पण आत कॉम्प्युटरले सात कोडपॉइंट, क, हलन्त, व, इकार, अनुस्वार, ट, ल. फॉर्मॅटर आपल्या हिशोबानं काहीतरी एक रुंदी धरते, एडिटरचा फॉन्ट दुसरीच दाखवते, कारण कोडच्या फॉन्टमधी बहुतेक वेळा देवनागरी नसतेच, ती दुसऱ्या फॉन्टमधून येते. म्हणजे शेवटचा पाइप एका रेषेत आणायले कितीही स्पेस टाका, माझ्या स्क्रीनवर जुळलं तर तुमच्या स्क्रीनवर अर्धं अक्षर सरकलेलं. जे जुळूच शकत नाही त्यासाठी पीआर अडवून ठेवता!

पण माझा खरा संताप ह्याच्यावर पण नाही. खरा संताप हा आहे की अलाइनमेंट तपासण्याच्या नादात जी चूक खरंच टेबल मोडते ती कोणीच पाहत नाही. ही ओळ आमच्या रीडमीत कितीतरी दिवस होती, छान अलाइन केलेल्या टेबलात, रिव्ह्यू पास होऊन:

```
| `--format <json|csv>` | `json` | निकाल कोणत्या रूपात |
```

पाहा नीट. बॅकटिकच्या आत पाइप आहे, आपल्याले वाटते कोड आहे, सुरक्षित आहे. नाही! गिटहब फ्लेवर्ड मार्कडाउनच्या नियमात ओळ आधी पाइपवर तुटते, बॅकटिक नंतर पाहिले जातात. म्हणजे तीनचे झाले चार सेल. ऑप्शनच्या कॉलममधी आलं `--format <json` आणि अर्धवट लटकलेलं बॅकटिक, डिफॉल्टच्या कॉलममधी आलं `csv>`, कामाच्या कॉलममधी आलं `json`, आणि चौथा सेल, म्हणजे आपलं वर्णन? हेडरमधी कॉलम तीनच, म्हणून जास्तीचा सेल गुपचूप फेकला. एरर नाही, वॉर्निंग नाही. एका माणसानं त्या टेबलावर भरवसा ठेवून डिफॉल्ट सीएसव्ही आहे समजून पुढची स्क्रिप्ट लिहिली आणि ती जेसन आलं म्हणून पडली. वरून रिव्ह्यूत लिहिलेलं, "टेबल छान दिसते". कुठं छान दिसते? पाइप सरळ रेषेत दिसले म्हणून छान?

इलाज कठीण नाही. बॅकटिकच्या आत पण `\|` लिहायचं, टेबलात तो बॅकस्लॅश पानावर दिसत नाही. त्याहून चांगलं म्हणजे पाइप टाकायचाच नाही, `--format FMT` लिहा आणि वर्णनात "json किंवा csv" सांगा. आमच्या `--sep` चा डिफॉल्टच `|` आहे, तिथं काही पर्याय नाही, तिथं बॅकस्लॅश पाहिजेच. आणि हेडरमधी एक पाइप कमी-जास्त झाला, म्हणजे हेडरचे सेल आणि डॅशवाल्या ओळीचे सेल सारखे नसले, तर टेबल बनतच नाही, सगळं पाइपसकट साध्या मजकुरात येते. ते निदान लगेच दिसते तरी. वरचं दिसत नाही, म्हणून रिव्ह्यू करायचा असेल तर हे पाहा ना राजा, पानावर उघडून प्रत्येक ओळीचा शेवटचा सेल भरलेला आहे का ते पाहा, तो रिकामा नसला तरी त्यात डिफॉल्टसारखं काही घुसलं नाही ना ते पाहा.

टेबल हे मार्कडाउनचं मूळचं नाहीच लेका. जॉन ग्रुबरनं २००४ मधी मार्कडाउन काढलं तेव्हा त्यात टेबल नव्हतं, टेबल पाहिजे तर सरळ एचटीएमएल लिहा असा हिशोब होता. पाइपवालं टेबल नंतर जोडलेलं आहे, प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं. त्यात स्पेस मोजून लावा असा नियम कुठंच नाही, आणि आमच्यावाल्यांनी तोच एक नियम डोक्यावर घेतला.

म्हणून मी आता मेंटेनर म्हणून करून टाकलं. टेबलातले सगळे जास्तीचे स्पेस काढले, एका वेगळ्या कमिटमधी, वरची एक कॉमेंट सोडून दुसरा काहीच बदल त्यात नाही. आता टेबलातल्या काही ओळी अशा:

```
<!-- prettier-ignore -->
| Option | Default | काम |
| --- | --- | --- |
| `--cache-dir` | `~/.cache/bhav` | उतरवलेल्या फाइली कुठं ठेवायच्या |
| `--format FMT` | `json` | json किंवा csv |
| `--sep` | `\|` | फाइलीतलं विभाजक चिन्ह |
```

वरची कॉमेंट अशासाठी की कोणाच्या एडिटरमधला प्रेटियर नावाचा फॉर्मॅटर सेव्ह करताना पुन्हा स्पेस भरून अलाइन करू नये. ज्याले सरळ रेषेतच वाचायचं आहे त्यानं `bhav --help` चालवा, तिथं कॉलम प्रोग्राम जुळवते, माणूस नाही.

आणि त्या पोट्ट्याचा पीआर मी काल रात्रीच मर्ज केला, एका ओळीचा. यापुढं कोणी "अलाइन करा" म्हणून पीआर अडवला तर ती कॉमेंट मी तिथंच बंद करीन, आणि नुसते स्पेस बदललेला पीआर आला तर तो पण.