तीन चकरांबद्दल आमचे उत्तर

"मुलाचे खाते अठराव्या वर्षी त्याच्या नावे चालू करायला तीन चकरा मारल्या. आधी आईची सही चालत नाही म्हणाले, मग अंगठा लागत नाही, मग सही जुळत नाही. वर शिल्लक बरोबर आहे असे माझ्याकडून लिहून घेतले, जणू मी पोराचे पैसे खाल्ले. पन्नास रुपये घेतले ते वेगळेच."

आदरणीय ताई,

ऐन प्रवेशाच्या दिवसांत आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पंचवटीतले हे ग्राहक सेवा केंद्र म्हणजेच माझे पोट आहे, आणि इथे येणारे बहुतेक लोक आधी असे अभिप्राय वाचूनच येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या खात्यातील रकमेविषयी मात्र येथे काहीही लिहिणार नाही.

पहिल्या दिवशी आपण एकट्या आला होतात आणि मुलाचा क्लास असल्यामुळे अर्जावर त्याच्या जागी आपणच सही केली होती. तो अर्ज मी परत केला, हे खरे आहे. परंतु पालक म्हणून खाते चालवण्याचा आपला अधिकार मुलाच्या अठराव्या वाढदिवशीच संपला होता, आणि त्याच कारणाने बँकेने आपल्याला पैसे काढू दिले नव्हते. पैसे कुठेही गेले नव्हते, खाते क्रमांकही तोच राहणार होता. फक्त यापुढे ते कोणाच्या सहीने निघतील, एवढेच ठरायचे होते. ती सही आईने केली, तर पुढे मुलाने स्वतः केलेली सही बँकेला खोटी वाटेल. मी तो अर्ज शाखेत पाठवला असता, तर तो तिथून परत आला असता आणि आपली चौथी चकर झाली असती.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला, पण त्याची बोटे यंत्राला ओळखू आली नाहीत. मी अंगठा पुसून, बोटे बदलून पाच-सहा वेळा प्रयत्न केला, हे आपण शेजारीच उभ्या राहून पाहिले आहे. त्याच्या आधारवर पाचव्या वर्षानंतर घेतलेलेच ठसे होते. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर ठसे पुन्हा द्यावे लागतात, ते राहून गेले होते. यात माझ्या यंत्राचा दोष नव्हता. ठसे अद्ययावत होईपर्यंत प्रवेशाची मुदत गेली असती, म्हणून मीच आपल्याला मूळ आधार कार्ड, त्याची छायाप्रत आणि छायाचित्र घेऊन कागदी केवायसीसाठी शाखेत जाण्यास सुचवले. हे आपल्या अभिप्रायात आले नाही, याचे वाईट वाटले.

सहीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण तिथेच माझ्यावर अन्याय झाला असे मला वाटते. तिसऱ्या दिवशी अर्ज माझ्यासमोर भरला गेला. मुलाने पहिल्या चौकटीत पूर्ण नाव लिहिले, दुसऱ्या चौकटीत आद्याक्षर आणि आडनाव, आणि तिसऱ्या चौकटीत आडनावाखाली मोठा फराटा ओढला. एकाच माणसाच्या तीन वेगवेगळ्या सह्या झाल्या. त्याच्या पॅन कार्डावरून सही ठरवावी म्हटले, तर लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर ना छायाचित्र असते ना सही. म्हणून मी त्याला जुन्या पावतीच्या पाठीवर दहा वेळा सही करायला लावली आणि हात बसल्यावरच नवा अर्ज दिला. तेव्हा मागे रांग लागली होती आणि माझा आवाज चढला, ही माझी चूक आहे. पण बँकेत नोंदलेल्या याच नमुन्याशी त्याचा प्रत्येक धनादेश ताडून पाहिला जाणार आहे, त्यामुळे ती दहा मिनिटे मी वाया घालवली असे मला आजही वाटत नाही.

शिल्लक मान्य असल्याची सही आपल्यावर संशय म्हणून घेतलेली नाही. पालकाने चालवलेले खाते मुलाच्या हाती देताना त्या दिवसाची शिल्लक पक्की करून घ्यावी, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर तो कागद आपल्याच बाजूने उभा राहील. हे मी आधी समजावून सांगायला हवे होते.

ते 50 रुपये अर्ज भरणे आणि छायाप्रतींचे होते, बँकेचे नव्हेत. पावतीवर तसे लिहिले आहे. यापुढे कागदांची यादी काउंटरवर लावण्याचा विचार आहे, आणि गर्दीच्या वेळेचेही काहीतरी करू. मुलाच्या पॅनवर छायाचित्र आणि सही घालण्याचा अर्ज अजून बाकी आहे. क्रमांक तोच राहतो. त्याला घेऊन सकाळी अकराच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. तो अर्ज भरून देण्याचे पैसे मी घेणार नाही.