दहा मिनिटे झाली, साहेब आले नाहीत

मुलाखत अकराची आहे आणि आता अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. पडद्यावर आपलाच चेहरा आपल्याकडे पाहत आहे, स्वयंपाकघरात कुकर लावण्यास सकाळपासून बंदी आहे, आणि ज्यांनी प्रश्न विचारायचे ते साहेब अजून उगवलेले नाहीत. अशा वेळी रिक्रूटरला संदेश पाठवावा लागतो. हा संदेश कसा लिहावा याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण चार वर्षे मी एका कन्सल्टन्सीत बसून असे संदेश वाचले आणि त्यांपैकी बहुतेकांचा मला काहीही उपयोग करता आला नाही. माझा सल्ला तंतोतंत पाळल्यास आपल्या संदेशाचाही कोणाला उपयोग होणार नाही, याची खात्री बाळगावी.

सर्वप्रथम केवळ ‘गुड मॉर्निंग मॅम’ एवढेच लिहावे आणि थांबावे. कोणाच्या घरी गेल्यावर आपण आधी पाणी घेतो, मग सर्वांच्या तब्येतीची चौकशी करतो आणि खरे काम निघताना उंबऱ्यावर उभे राहून सांगतो. तीच रीत येथेही पाळावी. समोरच्या बाईंच्या फोनवर त्या सकाळी अशी अनेक ‘गुड मॉर्निंग’ आलेली असतात, काही तर गुलाबाच्या फुलासह, आणि त्यांतील कोणते तातडीचे आहे हे ओळखणे ही त्यांची जबाबदारी आहे. निळ्या खुणा उमटेपर्यंत मुख्य विषय काढू नये. त्या अकरा वाजून सतरा मिनिटांनी उमटतील, आणि तोपर्यंत साहेब येऊन, रिकाम्या जागी पाहून, परत गेलेलेही असू शकतील. पण शिष्टाचाराला काही किंमत मोजावीच लागते.

मग मजकुराकडे वळावे. ‘मॅम, अजून कोणी आलेले नाही’ हे वाक्य मला इतक्या वेळा आले आहे की त्याच्या पूर्णत्वाविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला आहे. त्यात नाव नाही, पद नाही, फेरी नाही, वेळ नाही. एका रिक्रूटरकडे त्या दिवशी चार कंपन्यांच्या सहा मुलाखती लागलेल्या असतात आणि आपला नंबर त्याच्या फोनमध्ये साठवलेला असेलच असे नाही. पण आपण त्याच्या आयुष्यातील एकमेव उमेदवार आहोत, या श्रद्धेला तडा जाऊ देऊ नये.

येथे एक आतली गोष्ट सांगणे भाग आहे. कन्सल्टन्सीतल्या रिक्रूटरकडे मुलाखत घेणाऱ्याचा फोन नंबर बहुधा नसतोच. तो कंपनीच्या एचआरला कळवतो, एचआर मुलाखतीच्या वेळा जुळवणाऱ्या व्यक्तीला कळवते आणि ती व्यक्ती साहेबांना चॅटवर टोचते. म्हणजे आपला संदेश तीन हातांतून पुढे जाणार असतो, आणि जो संदेश जसाच्या तसा पुढे ढकलता येतो, तो एका मिनिटात तेथे पोहोचतो. ज्या संदेशामागे ‘आपण कोण? कोणती मुलाखत?’ असे विचारावे लागते, तो प्रत्येक हातात विसावा घेत जातो. त्यामुळे खालील प्रकारचा मजकूर चुकूनही लिहू नये:

‘नमस्कार. मी अमुक तमुक, डेटा ॲनालिस्ट पदाची दुसरी फेरी, आज सकाळी 11 वाजता. मी 10.55 पासून निमंत्रणातील लिंकवर आहे. होस्टने मीटिंग सुरू केलेली नाही, असे पडद्यावर दिसते. माझ्या कॅलेंडरमध्येही वेळ 11 चीच आहे. लिंक हीच आहे ना? मी 11.30 पर्यंत थांबतो. आज शक्य नसल्यास उद्या 10 ते 1 मोकळा आहे.’

असा संदेश आला की रिक्रूटरला विचारण्यासारखे काही उरतच नाही, आणि मग त्याला नाइलाजाने काम करावे लागते. त्यातले पडद्याविषयीचे वाक्य तर विशेष घातक आहे. झूमवर होस्ट आलेलाच नसेल तर एक सूचना दिसते आणि होस्ट आत असून त्याने आपल्याला अद्याप आत घेतलेले नसेल तर दुसरी. पहिल्या वेळी साहेबांना शोधावे लागते, दुसऱ्या वेळी त्यांना फक्त एक बटण दाबायला सांगावे लागते. हा फरक कळवून रिक्रूटरच्या कामातली मजा घालवू नये. मुलाखत एकदा पुढे ढकलली गेली असेल आणि आपल्याकडे दोन निमंत्रणे असतील, तर साहेब दुसऱ्या लिंकवर आपली वाट पाहत असण्याची शक्यताही मनात आणू नये.

राहिला प्रश्न सुराचा. काही जण इतकी क्षमा मागतात की चूक त्यांचीच असावी असे वाटू लागते. मला व्यक्तिशः दुसरा प्रकार अधिक भावला: व्यावसायिकतेवर तीन परिच्छेद.

असाच एक संदेश 4 नोव्हेंबर 2024 रोजी आला होता. मुलगा ठाण्याचा, मुलाखत घेणारे गृहस्थ न्यू जर्सीत, वेळ त्यांच्याकडची सकाळी 9 ची. भारतातील साडेसहा, हे गणित मी 29 ऑक्टोबरला केले होते आणि त्या दिवशी ते अचूकही होते. मध्ये दिवाळी आली. 3 तारखेला, आपल्याकडे भाऊबीज असताना, अमेरिकेने दरवर्षीप्रमाणे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली, आणि तिकडचे 9 म्हणजे इकडचे साडेसात झाले. कंपनीने पाठवलेल्या कॅलेंडरच्या निमंत्रणात साडेसातच दिसत होते. माझ्या ईमेलमध्ये मात्र, मी हाताने टाइप केलेले, साडेसहा होते.

मुलगा साडेसहाला लिंकवर गेला. 6.40 ला त्याने मला ‘गुड इव्हिनिंग सर’ पाठवले. 6.49 ला ‘कोणी आले नाही’ आले. त्या संध्याकाळी माझ्या तीन मुलाखती होत्या, म्हणून मी ‘कोणती मुलाखत?’ असे विचारले, आणि तो दुखावला. 6.58 ला उमेदवारांच्या वेळेला किंमत न देणाऱ्या व्यवस्थेवर एक दीर्घ संदेश आला, ज्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि ज्यात निमंत्रणातील वेळेचा उल्लेख नव्हता. तेवढा एक आकडा त्याने लिहिला असता, तर माझी चूक मला तेथेच दिसली असती. मी तो संदेश पुढे पाठवू शकलो नाही. तो पाठवण्याजोगा नव्हता. त्याने लॅपटॉप मिटला आणि तो मामाकडे फराळाला गेला.

साडेसातला न्यू जर्सीचे गृहस्थ कॉलवर आले. दहा मिनिटे थांबून त्यांनी कंपनीच्या एचआरला एक ओळ लिहिली: उमेदवाराचे नाव, पद, मी 9 पासून लिंकवर आहे, उमेदवार आलेला नाही, सव्वानऊपर्यंत थांबतो. ती ओळ एका शब्दाचाही बदल न होता 7.41 ला माझ्या फोनवर आली. 7.42 ला मी मुलाला फोन लावला, तेव्हा त्याच्या तोंडात चकली होती.