आडव्या रेघा म्हणजे डिस्क खराब नव्हे, आणि 25 फ्रेमला नेलं की अर्धं लग्न जातं

"जुन्या लग्नाच्या डीव्हीडीत किंवा हँडीकॅमच्या शूटिंगमध्ये माणसं हलली की आडव्या रेघा दिसतात का? म्हणजे तुमची डिस्क खराब व्हायला लागलीय. लगेच हँडब्रेकमध्ये टाका, डीइंटरलेस ऑन करा, फ्रेम रेट 25 करा, साइज 1080 करा, रेघा गायब आणि व्हिडिओ एचडी! मग जुनी फाइल डिलीट केली तरी चालेल, जागा वाचते."

हा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपवर आलाय आणि एका मावशींनी तर त्याप्रमाणे करून मूळ फाइली उडवल्यासुद्धा, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितोय.

आधी डिस्कचं. ती डिस्क कॉम्प्युटरवर व्हीएलसीत लावा, Video मेनूत Deinterlace, म्हणजे रेघा काढणारा फिल्टर, बंद करा, वरात नाचतेय अशा जागी पॉज करा आणि E दाबत एकेक फ्रेम पुढे जा. नाचणाऱ्याच्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतील, पण मागची भिंत, मांडवाचा खांब, शांत उभी असलेली आजी, यांच्यावर एकही रेघ नसेल. डिस्क खराब असती तर ती काय हलणाऱ्या माणसांनाच शोधून खराब झाली असती का? खराब डिस्क चौकोनी ठोकळे दाखवते, अडकते, आवाज तुटतो, त्याचा या रेघांशी संबंध नाही.

रेघा का येतात ते सरळ आहे. आपल्याकडचे हे कॅमेरे पाल पद्धतीचे, चित्रात 576 ओळी. पण कॅमेरा सगळ्या ओळी एकदम टिपायचा नाही, आधी एकाआड एक अर्ध्या ओळी आणि सेकंदाच्या 50व्या भागानंतर उरलेल्या अर्ध्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, म्हणजे सेकंदाला 50 फील्ड. जुना काचेच्या नळीचा टीव्ही ही फील्ड जशी आली तशी एकामागे एक काढायचा म्हणून तेव्हा कुणाला रेघा दिसल्या नाहीत, आणि आजही डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडला तर दोघांपैकी कुणीतरी हे काम गुपचूप करतं. कॉम्प्युटर किंवा मोबाइल मात्र दोन्ही फील्ड एका फ्रेममध्ये विणून एकदम दाखवतो, आणि मधल्या वेळात हात दोन इंच पुढे गेलेला असतो, त्याचेच ते दाते. म्हणजे त्या रेघा हे नुकसान नाही, तिथे दोन वेगवेगळे क्षण अख्खे शिल्लक आहेत याची ती खूण आहे.

आता फ्रेम रेट 25, आणि सगळ्या मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच. 50 क्षण टिपलेत आणि तुम्ही 25 ठेवताय, म्हणजे प्रत्येक दोनातला एक क्षण कायमचा फेकताय. अक्षतांचा सीन घ्या. मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो आणि चारी बाजूंनी अक्षता येतात, तो दाणा हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो. 50 मध्ये तो पंचवीसेक ठिकाणी दिसतो म्हणून खरंच पडताना वाटतो, 25 मध्ये बारातेरा ठिकाणी, म्हणून तुटक तुटक उडी मारत येतो. काही सॉफ्टवेअर तर दोन फील्ड एकमेकांत मिसळून टाकतात, त्याला ब्लेंड म्हणतात, त्यात एका दाण्याचे दोन अर्धवट पारदर्शक दाणे होतात आणि नवरीच्या हाताला दोन सावल्या येतात, हे केलं की परत सोडवता येत नाही. जुन्या व्हिडिओची ती "समोर घडतंय" अशी सळसळ असते ना, ती या 50 मुळेच, रेघा काढताना ती घालवायचं काहीच कारण नाही.

हँडब्रेक हेच सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर Filters मध्ये Deinterlace ला Bwdif घ्या, त्याच्या Preset ला Bob, आणि Video टॅबमध्ये Framerate ला Same as source. बॉब म्हणजे प्रत्येक फील्डचा एक पूर्ण फ्रेम, राहिलेल्या ओळी आजूबाजूच्या ओळी आणि पुढचामागचा क्षण बघून भरल्या जातात. इथे 25 लिहिलंत तर बॉबने बनवलेले अर्धे फ्रेम परत फेकले जातात, आणि बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. झालं की फाइलचे डिटेल्स उघडून बघा, 50 दिसलं पाहिजे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडच्या कॅमेऱ्यावर घेतलेलं असेल तर 59.94 दिसेल, तेही बरोबर.

पण डीइंटरलेस ऑन करा म्हणजे डोळे झाकून प्रत्येक डिस्कला करा असंही नाही. सिनेमाच्या पाल डीव्हीडीत बहुतेक वेळा दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात कारण फिल्म मुळातच अख्खी अख्खी चित्रं घेते, तिथे रेघाच नसतात आणि उगाच फिल्टर लावला तर बारीक तपशील मऊ होतो. अमेरिकन पद्धतीच्या सिनेमा डिस्कमध्ये एकेक फ्रेम पुढे नेलं की तीन स्वच्छ, दोन रेघांचे, परत तीन स्वच्छ असा ठेका दिसू शकतो, त्यावर औषध डीइंटरलेस नाही, Detelecine आहे. हँडीकॅम आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये मात्र जवळपास सगळंच खरं इंटरलेस असतं.

आता एक केस पूर्ण सांगतो कारण मेसेजमधल्या एका बटणाने ती सुटली नसती. माझ्या आत्तेबहिणीचं लग्न, 2005, सांगली. शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर, स्टुडिओने डीव्हीडी दिली आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरून टाकली, म्हणजे ही डिस्क हाच एकमेव पुरावा. मी हँडब्रेकमध्ये बॉब लावून 50 ची फाइल केली, रेघा गेल्या, पण सगळी माणसं थरथरत होती, जणू चालणारा माणूस दोन पावलं पुढे एक मागे असा चाललाय. एकेक फ्रेम बघितलं तर खरंच तसंच, भटजींचा हात पुढे, मागे, मग आणखी पुढे. आत्त्या म्हणाली, "अरे हे टीव्हीवर पण पहिल्यापासून असंच हलायचं, आम्हाला वाटलं कॅमेरावाल्याचा हात."

कॅमेरावाल्याची काही चूक नव्हती. कुठलं फील्ड आधीचं आणि कुठलं नंतरचं हे फाइलला माहीत असावं लागतं. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, डीव्हीडी बनवणारी सॉफ्टवेअरं मात्र बऱ्याचदा वरचं आधी धरून चालतात, आणि स्टुडिओत कुणीतरी ते सेटिंग न बदलता डिस्क बनवली असणार. तपासायला डिस्कवरच्या व्हीओबी फाइली हार्ड डिस्कवर कॉपी केल्या, जोडल्या आणि भरपूर हालचाल असलेल्या जागेवरून एक हजार फ्रेम ffmpeg या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरने तपासल्या.

```
copy /b VTS_01_1.VOB+VTS_01_2.VOB lagna.vob
ffmpeg -ss 00:20:00 -i lagna.vob -vf idet -frames:v 1000 -an -f null -
```

वर फाइलची माहिती येते तिथे लिहिलेलं `top first`, म्हणजे डिस्कचा दावा की वरचं आधी. पण शेवटी Multi frame detection ची ओळ येते, जी प्रत्यक्ष चित्र बघून ठरवते, तिथे BFF पुढे साडेनऊशेच्या वर आकडा, TFF जेमतेम बारा. बीएफएफ म्हणजे खालचं आधी. लेबल एक सांगतंय आणि चित्र दुसरं, तर चित्राचं ऐकायचं. हँडब्रेकच्या नेहमीच्या पर्यायांत हा क्रम उलटवायची सोय नाही म्हणून थेट कमांड दिली:

```
ffmpeg -i lagna.vob -vf "bwdif=mode=send_field:parity=bff:deint=all,scale=768:576,setsar=1" -c:v libx264 -crf 17 -preset slow -c:a aac -b:a 192k lagna-50p.mp4
```

यात send_field म्हणजे 50 फ्रेम, parity=bff म्हणजे लेबल काहीही म्हणो खालचं आधी धर. 768 यासाठी की डिस्कवर 720 रुंदी असली तरी ते ठिपके चौरस नसतात, तसंच ठेवलं तर सगळे थोडे बारीक दिसतात. तुमच्याकडे आकडे TFF कडे झुकले तर bff च्या जागी tff लिहा. फाइल झाल्यावर आत्त्याने सप्तपदी बघितली, आणि "अगं बाई, ती हसत होती होय" एवढंच म्हणाली, कारण त्या थरथरीत इतकी वर्षं चेहरा धड दिसलाच नव्हता.

साइज 1080 चं. 576 ओळींत जे नाही ते 1080 करून येत नाही, फाइल फक्त जड होते, आणि टीव्ही हे मोठं करण्याचं काम स्वतः करतोच. एक खरं कारण मात्र आहे, यूट्यूबवर 50 किंवा 60 फ्रेम फक्त 720 आणि त्यावरच्या साइजलाच मिळतात, त्याहून लहान व्हिडिओ ते अर्ध्या फ्रेमवर आणतात. म्हणून यूट्यूबवर टाकायचं असेल तर वरच्या कमांडमध्ये scale=1440:1080 करा. पण मोठं करायचं ते डीइंटरलेस झाल्यावरच. हँडब्रेक आणि वरची कमांड हा क्रम पाळतात, घोटाळा होतो तो आधी मोबाइलच्या एडिटरमध्ये किंवा फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये एचडी करून मग रेघा काढायला घेतल्या की. एकाआड एक ओळींचं विणकाम उंची बदलताना एकमेकांत मिसळतं आणि मग कुठलं फील्ड कुठलं ते सांगताच येत नाही. ओळखायची खूण अशी की बरोबर एक ओळ सोडून एक ओळ असे सुबक दाते दिसण्याऐवजी जाड, धूसर पट्टे दिसतात, आणि डीइंटरलेस लावूनही ते हलत नाहीत.

मावशींच्या फाइलमध्ये नेमके हेच पट्टे आहेत. क्यूटीजीएमसी हा या कामातला सगळ्यात चांगला समजला जाणारा फिल्टर, तोही लावून बघितला, एरवी तो फार सुंदर काम करतो पण इथे पट्टे थोडे मऊ झाले इतकंच. म्हणून डिलीटचं अजिबात ऐकू नका. डीइंटरलेस करताना अर्ध्या ओळी अंदाजाने भरलेल्या असतात आणि तो अंदाज करणारे फिल्टर सुधारत आलेत, यदिफनंतर बीडब्ल्यूडिफ आला, आज मूळ फाइल असेल तर पाच वर्षांनी आणखी चांगलं करता येईल. डीव्हीडीचा VIDEO_TS फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून ठेवा, साध्या डिस्कचा 4.7 जीबीच्या आत बसतो, आणि मिनीडीव्ही कॅसेट असेल तर फायरवायरने उतरवलेली मूळ डीव्ही फाइल, तासाला साधारण 13 जीबी. मावशींची डिस्क अजून कपाटात असेल असं त्या म्हणाल्यात, रविवारी जाऊन शोधणार आहे.