लोभ असावा, लोडिंग नसावे

आमच्या ट्रकच्या धंद्यात लोडिंग म्हणजे शुभ शब्द. लोडिंग मिळालं की चार पैसे दिसतात. विमावाल्यांच्या भाषेत मात्र आपला हप्ता वाढवणे म्हणजे लोडिंग, हे मला दोन वर्षांपूर्वी आमची एक गाडी आंबा घाटात आडवी झाल्यावर कळलं. ड्रायव्हर सुखरूप, गूळ दरीत. पुढच्या नूतनीकरणाला आठही ट्रकवर 25 टक्के लोडिंग. पडली एक, शिक्षा आठांना.

मग मी वर्षभर क्लेमचं नाव काढलं नाही. फुटके आरसे, चेपलेले बंपर, एक अख्खी पुढची काच, सगळं खिशातून. वर्ष संपलं आणि कोटेशन आलं : लोडिंग 25 टक्के, कायम.

पत्र लिहायला मुनीम अण्णा बसले. 'सा. न. वि. वि.' पासून सुरुवात, मध्ये माझ्या वडिलांची पुण्याई, शेवटी 'लोभ असावा'. मुलीने ते वाचलं आणि विचारलं, "बाबा, यात आकडा कुठाय?"

तिने आधी कंपनीकडून तीन वर्षांचा क्लेमचा तक्ता मागवला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी, म्हणजे 'ओडी'चा, हप्ता आम्ही भरला होता 5 लाख. आणि क्लेम? तोही 5 लाख! अण्णांनी चष्मा पुसला. आम्हाला तर 3 लाख 40 हजारच मिळाले होते. उरलेले 1 लाख 60 हजार 'प्रलंबित' या रकान्यात आरामात बसले होते. अपघाताच्या दिवशी कंपनीने अंदाजे 5 लाखांची तरतूद धरली, पैसे देऊन झाले, पण फाइल कुणी बंदच केली नव्हती. म्हणजे कंपनीच्या हिशेबी हप्त्याच्या तुलनेत आमचं क्लेमचं प्रमाण 100 टक्के, खरं 68.

थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, हप्ताही कमी करा, असं मी सुचवून पाहिलं. "तो दर सरकार ठरवतं. तिथे ना बोनस, ना लोडिंग," मुलगी म्हणाली. बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तिचीही गंमतच. पडलेल्या गाडीचा बोनस शून्यावर आलेला, तो वर्षभर क्लेम न केल्याने पुन्हा 20 टक्के झाला. म्हणजे एका हाताने शाबासकी आणि दुसऱ्या हाताने छडी.

शेवटी पत्र झालं अर्ध्या पानाचं. पॉलिसी क्रमांक, भरपाई मिळाल्याची तारीख, प्रलंबित रक्कम शून्य करून प्रमाण पुन्हा काढावं ही विनंती आणि जुनी पॉलिसी संपायला पंचवीस दिवस आहेत याची आठवण. शेवटच्या दिवशी मागितलं असतं, तर गाड्या बिनविम्याच्या राहू नयेत म्हणून मी मुकाट्याने भरलेच असते, हे त्यांनाही ठाऊक.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. फाइल बंद, लोडिंग 10 टक्के. वर्षाचा मूळ ओडी हप्ता 1 लाख 60 हजार, म्हणजे 40 हजारांच्या जागी 16 हजार.

"उरलेले दहा कशाचे?" मी चिडून विचारलं.

"घाटाचे," मुलगी म्हणाली.

आभाराचं पत्र अण्णांनीच लिहिलं. शेवटची ओळ या वेळी कुणी खोडली नाही.