घनाच्या मधोमध ठेवलेला प्रभार: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया (कोथरूडहून एक वाचक): "लेख वाचला. अर्नशॉच्या सिद्धान्ताप्रमाणे जागच्या जागी पक्क्या बसवलेल्या प्रभारांच्या मधल्या मोकळ्या जागेत दुसरा प्रभार स्थिर समतोलात ठेवता येत नाही. तुमचं म्हणणं असं, की लाप्लासच्या समीकरणामुळे तिन्ही दिशांच्या दुसऱ्या विकलजांची बेरीज शून्य येते, म्हणून एक तरी दिशा ऋण असणारच आणि समतोल अस्थिर. पण घनाच्या आठ कोपऱ्यांवर सारखे धन प्रभार ठेवा आणि मध्यात आणखी एक धन प्रभार ठेवा. तिथे तिन्ही विकलजं शून्य आहेत, एकही ऋण नाही! मी गुरुत्व बंद ठेवून सिम्युलेशन केलं: मध्यापासून कोपरा 10 सेंमीवर, सगळे प्रभार 10 नॅनोकूलोम, मधल्या गोळीचं वस्तुमान 0.1 ग्रॅम. गोळी कोपऱ्याकडे 1 सेंमी सरकवून सोडली, परत आली. कडेच्या मध्याकडे 1 सेंमी सरकवली, परत आली. पृष्ठाच्या मध्याकडे 1 मिमी सरकवून 10 सेकंद पाहिलं, जवळजवळ जागची हलली नाही. शाळेच्या प्रदर्शनात हेच मॉडेल दोऱ्याला गोळी टांगून ठेवायचा विचार आहे. मग सिद्धान्त कुठे गेला?"

उत्तर:

उदाहरण नेमकं निवडलं आहेत. घनाच्या मध्यबिंदूवर दुसऱ्या विकलजांचा युक्तिवाद खरंच मुका होतो. सममितीमुळे x, y, z या तिन्ही दिशा एकसारख्या, म्हणून तिन्ही विकलजं सारखी; बेरीज शून्य, म्हणून प्रत्येक शून्य. पण ∇²V = 0 हे लाप्लासचं समीकरण केवळ त्या एका बिंदूवर लागू नाही, आसपासच्या सगळ्या मोकळ्या जागेत लागू आहे. त्याचा पूर्ण उपयोग केला की विकलजांकडे बघावंच लागत नाही.

मध्याभोवती R त्रिज्येचा एक काल्पनिक गोल घ्या आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या विभवाची सरासरी काढा. R थोडी वाढवली तर ही सरासरी किती बदलेल? गोलावर प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या दिशेने विभवाचा जो उतार आहे, त्याच्या सरासरीइतकी. हा उतार म्हणजे उलट चिन्हाने घेतलेलं विद्युतक्षेत्र. गोलातून बाहेर पडणाऱ्या क्षेत्राची एकूण बेरीज गाऊसच्या नियमाने आतल्या प्रभाराइतकी (भागिले ε₀) असते. कोपऱ्यांवरचे प्रभार गोलाबाहेर आहेत आणि मधल्या प्रभाराचं स्वतःचं क्षेत्र आपण मोजत नाही, म्हणून ही बेरीज शून्य. म्हणजे R वाढली तरी सरासरी बदलत नाही. R शून्याकडे नेली की ती मध्यावरच्या विभवाइतकी होते, तेव्हा प्रत्येक गोलावरची सरासरी मध्यावरच्या किमतीइतकीच.

आता स्थिर समतोलासाठी काय हवं? मध्यापासून कुठेही सरकलं तरी ऊर्जा वाढली पाहिजे. पण गोलावर सगळीकडे विभव मध्यापेक्षा जास्त असेल तर सरासरीही जास्त येईल, आणि ते शक्य नाही. एखाद्या दिशेला चढ असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी दिशेला उतार हवाच. एकच पळवाट उरते: आसपास सगळीकडे विभव अगदी सारखा. समान प्रभारित पोकळ गोलाच्या आत तसं असतं. तिथे प्रभार कुठेही ठेवा, तिथेच राहतो; पण सरकवला तर परत येत नाही, त्यामुळे त्याला स्थिर म्हणता येत नाही. सॅम्युअल अर्नशॉने 1842 साली हा निष्कर्ष मांडला तो प्रकाशवाहक ईथरच्या कणांना एकत्र ठेवणाऱ्या बलांचा विचार करताना. ईथर गेला, निष्कर्ष टिकला.

तर तुमच्या घनात उताराची दिशा कुठली? दुसऱ्या घाताच्या संज्ञा शून्य आहेत, विषम घातांच्या संज्ञा सममितीने जातात, म्हणून पहिली जिवंत संज्ञा चौथ्या घाताची. मध्यापासून कोपऱ्याचं अंतर d आणि आपलं सरकणं r धरलं, तर पृष्ठाच्या मध्याकडे जाताना विभव मध्याच्या किमतीच्या (7/18)(r/d)⁴ पट कमी होतो. कोपऱ्याकडे तो (7/27)(r/d)⁴ पट वाढतो आणि कडेच्या मध्याकडे (7/72)(r/d)⁴ पट वाढतो. कोपरे आठ, कडा बारा, पृष्ठं सहा. या सव्वीस ठळक दिशांपैकी वीस दिशांना गोळी परत येते आणि फक्त सहा दिशांना सुटते. तुमच्या दोन यशस्वी चाचण्या त्या विसांतल्या आहेत.

विस्तारावर विश्वास नसेल तर सरळ बेरीज करून बघा. कोपरे (±1, ±1, ±1) वर, प्रत्येक प्रभार 1, आणि मध्यापासून 0.5 अंतरावरचे बिंदू:

```python
from math import sqrt
C = [(i,j,k) for i in (1,-1) for j in (1,-1) for k in (1,-1)]
def V(x, y, z):
    return sum(1/sqrt((x-i)**2+(y-j)**2+(z-k)**2) for i,j,k in C)
r = 0.5; e = r/sqrt(2); c = r/sqrt(3)
print(V(0,0,0), V(r,0,0), V(e,e,0), V(c,c,c))
```

मध्यावर 4.6188, पृष्ठाकडे 4.6070, कडेकडे 4.6210, कोपऱ्याकडे 4.6282. पृष्ठाकडे उतार आहे, आणि तो थेट पृष्ठापर्यंत जातो: पृष्ठाच्या मध्यावर विभव 4.4614 येतो. सरासरीचा नियम या आकड्यांवर तपासायचा मोह होईल, तेव्हा एक सावधगिरी: सव्वीस किमतींची साधी सरासरी काढू नका, कारण या दिशा गोलावर सारख्या पसरलेल्या नाहीत. प्रत्येक पृष्ठ-दिशेला 40, कड-दिशेला 32 आणि कोपरा-दिशेला 27 असा भार द्या (एकूण 840). मग सरासरी चार दशांशांपर्यंत 4.6188 येते.

आता तुमच्या तिसऱ्या चाचणीकडे, कारण फसगत तिथे आहे. कोपऱ्याकडे आणि कडेकडे तुम्ही गोळी 1 सेंमी सरकवलीत, पृष्ठाकडे मात्र 1 मिमी. इथलं बल अंतराच्या घनाच्या प्रमाणात आहे, म्हणून दहापट कमी सरकवलं की बल हजारपट कमी होतं. तुमचे आकडे घातले तर पृष्ठाच्या दिशेने 1 मिमीवर बाहेर ढकलणारं बल सुमारे 1.1 नॅनोन्यूटन भरतं. 0.1 ग्रॅमच्या गोळीला ते इतकं हळू ढकलतं की 5 सेकंदांनी ती 1.15 मिमीवर असेल आणि 10 सेकंदांनी 1.8 मिमीवर. साडेअकरा सेंमी बाजूच्या घनात हे पडद्यावर कुणाला दिसणार! सिम्युलेशन बंद केलं नसतं तर 15 सेकंदांना ती 5 मिमीवर आणि 17 सेकंदांना 2 सेंमीच्याही पुढे गेलेली दिसली असती. सगळी पळापळ शेवटच्या दोन-अडीच सेकंदांत होते.

नेहमीच्या खिंडीसारख्या बिंदूवर बल अंतराच्या साध्या प्रमाणात असतं. तिथे सुरुवातीचं सरकणं निम्मं केलं तर सुटायला ठरावीकच जास्त वेळ लागतो. तुमच्या घनात सरकणं निम्मं केलं की सुटण्याचा वेळ दुप्पट होतो: अर्ध्या मिमीला सुमारे 35 सेकंद, 0.1 मिमीला जवळजवळ तीन मिनिटं. त्यामुळे "इतके सेकंद पाहिलं, हलली नाही" हा इथे पुरावा होत नाही. पृष्ठाकडेही 1 सेंमी सरकवून बघा, गोळी दोन सेकंदांच्या आत पृष्ठापाशी पोचते.

प्रभार वाढवून हे टळेल का, असा प्रश्न पुढे येईलच. वीस प्रभार द्वादशफलकाच्या शिरोबिंदूंवर ठेवले तर चौथ्या घाताची संज्ञाही जाते आणि सहाव्याची उरते. उतार आणखी सपाट होतो, पण तिचीही गोलावरची सरासरी शून्यच. प्रभार वाढवत गेलात तर शेवटी त्या समान प्रभारित पोकळ गोलाकडे पोचाल, म्हणजे सगळं सपाट.

समीकरणाची उजवी बाजू शून्य नसेल तर मात्र गोष्ट बदलते. प्रभार पसरलेल्या पदार्थाच्या आत ∇²V = −ρ/ε₀ असतं. धन प्रभाराच्या गोलात बुडालेल्या इलेक्ट्रॉनला मध्यावर खरोखर स्थिर जागा मिळते. थॉमसनच्या 1904 च्या अणुप्रतिकृतीत इलेक्ट्रॉन त्यामुळेच बसू शकत होते. तुमचे प्रभार कोपऱ्यांवर आहेत आणि मध्य मोकळा आहे, म्हणून ही सवलत तुम्हाला नाही.

आता प्रदर्शनाचं मॉडेल. गुरुत्वाचा विभव उंचीच्या साध्या प्रमाणात असतो, त्याची दुसरी विकलजं शून्य, म्हणून गुरुत्व धरूनही सिद्धान्त तसाच राहतो. शिवाय हे प्रभार मध्याजवळ गोळीचं वजन (सुमारे 1 मिलिन्यूटन) पेलूच शकत नाहीत, म्हणून दोरा लागणार. आणि दोराच घोटाळा करेल. 50 सेंमी दोऱ्याला टांगलेली ही गोळी 1 मिमी बाजूला झाली तर दोरा तिला सुमारे 2 मायक्रोन्यूटनने परत खेचतो, घनाच्या ढकलण्याच्या जवळजवळ 1800 पट. प्रदर्शनात गोळी छान मध्यात राहील, बघणारे म्हणतील "स्थिर आहे की!", आणि त्यांनी पाहिलेलं असेल दोऱ्याचं स्थैर्य.

घन सोडा आणि दोनच प्रभार वापरा. टांगलेल्या गोळीच्या डावी-उजवीकडे, त्याच पातळीवर, सारख्या अंतरावर 10 नॅनोकूलोमच्या दोन गोळ्या पक्क्या बसवा. जोडरेषेच्या दिशेने गोळी परत येते, पण रेषेला आडवी सरकली तर बाहेर ढकलली जाते. हे ढकलणं अंतराच्या साध्या प्रमाणात आहे, म्हणून त्याची दोऱ्याशी थेट झुंज लावता येते. दोऱ्याचा जोर मीटरला 1.96 मिलिन्यूटन. प्रभारांचा जोर प्रत्येकी 10 सेंमीवर 1.8, आणि 8 सेंमीवर 3.5. म्हणजे 10 सेंमीवर गोळी कशीबशी मध्यात राहील आणि दोन्ही बाजू सारख्या जवळ आणत गेलात की 9.7 सेंमीच्या आसपास ती समोर किंवा मागे निसटेल. झुंज दोऱ्याने जिंकली की प्रभारांनी, हे प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसेल.

गोळ्या थर्मोकोलच्या, 1 सेंमी त्रिज्येच्या घ्या आणि वर ग्रॅफाइटचा हात द्या. त्रिज्या निम्मी केली तर 10 नॅनोकूलोमला पृष्ठभागावरचं क्षेत्र हवेच्या सहनशक्तीपलीकडे जातं आणि प्रभार गळतो. दोरा नायलॉनचा बारीक हवा, सुती नको, सुती दोरा ओलावा धरतो. आणि प्रदर्शन जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर पुण्याच्या त्या दमट हवेत प्रभार बघता बघता उतरेल. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीतली तारीख मागून घ्या.