आजी, भाकरी जरा कमी चावा

आईच्या कानाच्या मशीनची तक्रार अगदी साधी होती. ती जेवायला बसली की मशीन शिट्टी वाजवायचं. काल दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने मशीन उलटसुलट केलं आणि आईकडे न बघता मला विचारलं, "आजी चावताना तोंड जास्त हलवतात का?"

"न हलवता चावता येतं?"

"तसं नाही सर. जबडा हलला की कानाच्या आतला आकार बदलतो. फट पडते. मशीनचा आवाज फटीतून बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो, तोच परत मोठा होतो. म्हणून शिट्टी."

शास्त्र बरोबर होतं, याचाच जास्त राग आला. मग तो आईच्या कानाशी ओरडला, "आजी, काही दिवस भाकरीऐवजी खिचडी खाऊन बघा!"

आई म्हणाली, "मशीन तुम्ही विकलंत, पथ्य मी पाळू?"

हे कानाच्या आत लपणारं मशीन दादाची निवड. "लोकांना दिसायला नको," न्यू जर्सीत बसून म्हणाला. इथे लोक म्हणजे मी आणि पोळ्यावाल्या मावशी. शेंगदाण्याएवढं ते मशीन आणि त्यात डाळीएवढा सेल. आईची बोटं कापतात, सेल पलंगाखाली जातो, मग पलंगाखाली मी जातो. कानामागचं मशीन घेतलं असतं तर सेल तरी धरता आला असता. कानात बसणारा साचा सैल झाला की तेवढा साचाच नवा करून मिळतो. या मशीनचा साचा म्हणजेच मशीन.

असो. पोराने मशीन लॅपटॉपला जोडलं, दोन-चार कळा दाबल्या. शिट्टी गायब! मी खूश. घरी आल्यावर आईला 'सात वाजले' म्हटलं तर ती विचारते, "कोणाचा हात?" पठ्ठ्याने बारीक, उंच पट्टीचे आवाजच कमी केले होते. म्हातारपणी ऐकू येईनासे होतात ते बहुधा हेच आवाज. स, श, फ त्यातच असतात आणि शिट्टीही बरेचदा तिथेच वाजते. म्हणजे ज्यासाठी मशीन घेतलं, नेमकं तेच बंद.

आज फोन केला. कानात मशीनशेजारी बारीक नळी घालून आवाज पडद्यापर्यंत किती पोचतो ते मोजता येतं. ते का केलं नाही, असं विचारलं. "आजी हो म्हणाल्या ना!" शांत खोलीत, समोर बसून, ओरडून विचारल्यावर कोण नाही म्हणेल? विकताना चहा, चॅनलची संख्या, हप्ते. नंतर मात्र 'लाइनवर राहा'.

शेवटी कबूल झाला. कानाचं नवं माप घ्यायचं, त्याबरोबर मशीन कंपनीकडे पाठवायचं, नवं कवच बसून परत येणार. कधी ते कंपनीच सांगेल. बदली मशीन मिळणार नाही.

"मग तोवर आईने काय करायचं?"

"तोवर शिट्टीचा प्रॉब्लेमच नाही ना सर. भाकरी खाऊ देत."