चकलीवरचा टॅक्स

आज सकाळी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या कार्यकारिणीतल्या एका तरुण सदस्याने लिहिलं, "मागच्या खजिनदारांनी नॉन-प्रॉफिट असूनही जवळजवळ तीन हजार डॉलर टॅक्स भरून देणगीदारांचे पैसे घालवले." खाली सतरा अंगठे. मागची खजिनदार मीच. चहा गार झाला आणि डोकं तापलं. ग्रुपवर भांडायचं नाही असं नवऱ्याला कबूल केलंय, म्हणून इथे लिहितेय.

जुन्या लोकांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी दोन आठवडे आपल्या सगळ्या काकू हॉलच्या किचनमध्ये जमायच्या. कुणी भाजणी आणायची, कुणी सोऱ्या, आणि पहिला घाणा नेहमी मऊच पडायचा. त्या विक्रीवर आपण कधी एक पैसा टॅक्स भरला नाही आणि तो लागतही नव्हता. कारण वर्षातून दोन आठवडे केलेल्या विक्रीला अमेरिकेचं टॅक्स खातं, आयआरएस, 'नियमित धंदा' म्हणत नाही. शिवाय राबणारे सगळे फुकट राबत होते, आणि जवळजवळ सगळं काम बिनपगारी असेल तर नियमित धंद्यालाही सूट आहे. हे 'जवळजवळ' साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे धरतात.

मग आपल्यातल्या काही हुशार डोक्यांना वाटलं की फराळ बारा महिने विकावा. बाहेरचं किचन भाड्याने घेतलं, दोन बायका पगारावर ठेवल्या, पाकिटांवर मंडळाचा गणपती छापला आणि पाच इंडियन ग्रोसरीत माल ठेवला. मी तेव्हाच म्हटलं होतं की आता हा धंदा झाला. "अगं, पैसे मराठी शाळेलाच जाणार ना?" असं उत्तर मिळालं.

या एका वाक्यावर माझा राग आहे. पैसे कुठे जाणार हे कायदा विचारतच नाही! पैसे कशातून आले ते विचारतो. काम संस्थेच्या उद्देशाशी स्वतःहून जोडलेलं हवं, नुसती पैशांची गरज हे नातं धरलं जात नाही. मुलांना चकली करायला शिकवणारा वर्ग घ्या, त्याची फी आपल्या उद्देशात बसते. तीच चकली पाकिटात भरून दर आठवड्याला दुकानात पोचवली, की ती बाकी कुणाच्याही चकलीसारखी. "फराळ हीच आपली संस्कृती" वगैरे भाषणं मला मीटिंगमध्ये ऐकवू नका, मी स्वतः दिली आहेत.

आणि हे खूळ कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्या जर्सी सिटीतच म्युलर नावाची मॅकरोनीची मोठी कंपनी होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलसाठी ती विकत घेतली गेली, आणि मग कंपनी म्हणू लागली की आमचा सगळा नफा शिक्षणाला जातो, आम्हाला टॅक्स कसला? म्हणजे शब्दशः आपलं मराठी शाळेचं वाक्य. त्या वर्षापुरता कोर्टानेही पुढे तो दावा मानला. पण बाजूला शेवया विकणाऱ्या दुसऱ्या कारखानदाराने काय करायचं? त्याने नफ्यातून टॅक्स भरायचा आणि यांनी तेच पैसे नव्या यंत्रांत घालायचे? काँग्रेसमध्ये तर भीती बोलून दाखवली गेली की असंच चाललं तर देशातल्या सगळ्या शेवया विद्यापीठंच करतील. १९५० मध्ये कायदा बदलला. दान, वर्गणी, उद्देशातलं काम यांना सूट कायम राहिली, आणि बाहेरच्या नियमित धंद्याच्या नफ्यावर कंपन्यांसारखाच टॅक्स आला. लॉ स्कूल काही बुडालं नाही. मॅकरोनी कंपनी टॅक्स भरत राहिली, आणि १९७६ मध्ये विद्यापीठाने ती विकली तेव्हा अकरा कोटींहून जास्त डॉलर मिळाले.

माझ्यासाठी मात्र ही गोष्ट मॅकरोनीची नाही. आपल्याच गावात एक बाई छोटंसं युनिट चालवते, चकली, चिवडा, लाडू. तिचं नाव इथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्या वर्षी ग्रोसरीच्या रांगेत ती माझ्या मागे होती. शेल्फवर तिचं आणि आपलं पाकीट शेजारी शेजारी. मला म्हणाली, "ताई, तुमचं दीड डॉलरने स्वस्त आहे. मी नफ्यावर इन्कम टॅक्स भरते, वर सोशल सिक्युरिटीचा माझाच डबल वाटा भरते. आणि वर्गणीही तुमच्याच मंडळाला देते." रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता हिशोब, कारण सतरा अंगठेवाल्यांपैकी एकानेही तो विचारलेला नाही. वर्षाची विक्री ४८,००० डॉलर. पीठ, तेल, पाकिटं, किचनचं भाडं, दोघींचे पगार मिळून खर्च ३३,०००. उरले १५,०००. त्यातून १,००० ची ठरावीक वजावट, राहिले १४,०००. मंडळ कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेलं आहे, म्हणून केंद्राचा दर २१ टक्के. झाले २,९४०. म्हणजे 'घालवल्यावर'ही शाळेसाठी बारा हजारांहून जास्त उरले, ते कुणी लिहिलं नाही.

नेहमीच्या वार्षिक ९९० फॉर्मखेरीज ९९०-टी नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि तो नफ्यावर नाही, अशा धंद्याची ढोबळ मिळकत हजार डॉलर झाली की लागतो. फायदा झाला नाही म्हणून भरला नाही, ही मंडळांची सगळ्यात नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे गणेशोत्सवाचा तोटा फराळाच्या नफ्यातून वजा करणं. तेही मला सुचवलं होतं, चक्क मीटिंगमध्ये. उत्सव हे उद्देशातलं काम आहे, त्याचा खर्च या धंद्यावर टाकता येत नाही. किचनचं भाडंसुद्धा मी फराळ झाला त्याच दिवसांचं धरलं. नाटकाच्या तालमीच्या जेवणाचे दिवस बाजूला काढले, डायरी बघून.

हो, कायद्यात ढोंग आहे, मान्य. डिव्हिडंड, व्याज, रॉयल्टी यांना बहुतेक वेळा सूट मिळते, त्यामुळे गडगंज संस्था आरामात बसतात आणि आपल्यासारखं मंडळ पाकिटं मोजतं. आणि दीड डॉलरचा फरक सगळा टॅक्समुळे नव्हता, हेही खरं. आपल्याला गणपतीच्या रांगेत फुकट जाहिरात मिळते, तिला नाही.

पण मग त्या पोराला माझं म्हणणं एवढंच आहे. (पोरगा वाईट नाही. त्याची आई माझ्या बरोबरीने भाजणी दळायची.) तुला टॅक्स नको असेल तर पुन्हा दिवाळीचे दोन आठवडे कर, काकूंना बोलाव, मी येते, सोऱ्या माझ्याकडे आहे. बारा महिने दुकानात माल ठेवायचा असेल तर दुकानदारासारखं वाग. आणि हा धंदा इतका वाढवू नकोस की तोच मंडळाचं मुख्य काम होऊन बसेल. तेव्हा २,९४० डॉलरचा नाही, सगळ्या सवलतीचाच प्रश्न येतो.

आपल्यासारख्या संस्थेचा ९९०-टी कुणीही मागून बघू शकतो. तरी रात्री मीच ग्रुपवर टाकते, डायरीच्या पानांच्या फोटोंसकट. तालमीच्या जेवणाच्या पानावर तेलाचा डाग आहे, तो माझा.